पन्नासांच्या उत्तरात सहाशेंचे मत

आमच्या रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या पुष्कळ भावाबहिणींची मुले गावच्या शाळेत शिकतात. ही शाळा दुपारची. ती सकाळची करावी, असे काही पालकांचे म्हणणे पडले. काहींनी त्याला विरोध केला. तेव्हा हेडमास्तरांनी ठरवले की आधी मुलांचे मत घेऊ. शाळेत मुले ६००. पण विचारायचे मात्र फक्त ५० जणांना!

ही बातमी वर्गात आली आणि एकच गलका झाला. एक मावशी उठून म्हणाल्या, "माझी पोर वाडीवरून तासभर चालत येते. तिला विचारलेच नाही, तर तिच्या मनातले दुसऱ्या कुणाला काय ठाऊक?"

मावशींचा प्रश्न रास्त होता. तोच प्रश्न शाळेतल्या मुलांनाही पडला होता. म्हणून हेडमास्तरांनी आम्हांला बोलावले आणि प्रार्थनेनंतर मुलांना चार शब्दांत हे समजावून सांगा, असे म्हटले. आम्ही जे बोललो ते पुढे दिले आहे. वर्गात एकाने ते मोठ्याने वाचावे. बाकीच्यांनी ऐकावे आणि जिथे पटणार नाही तिथे थांबवावे.

भाषण

मुलांनो,

तुमच्या घरी भात शिजला की नाही हे आई कशी पाहते? ती सगळे पातेले उपसते का? नाही. पळीने दोन-चार शिते काढते आणि बोटाने दाबून पाहते. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतोच.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. आई भात आधी हलवते. तळाचा भात करपलेला आणि वरचा कच्चा असेल, तर नुसते वरचे शीत दाबून काय कळणार? शीत खरे बोलते, पण ते भातात चांगले मिसळलेले असेल तेव्हाच. आज आम्ही जे सांगणार आहोत त्याचे सार एवढेच आहे.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांनाच विचारायला काय झाले? हिशोब करा. प्रत्येकाला एकटे बोलावायचे. त्याच्या घरची अडचण विचारायची. त्याचे उत्तर नीट लिहून घ्यायचे. एकाला १० मिनिटे धरली तर ६०० जणांना १०० तास लागतील. शिकवायचे कधी? ५० जणांना मात्र साडेआठ तासांच्या आत विचारून होते. थोड्यांना विचारले म्हणजे नीट विचारता येते.

पण थोड्यांचे उत्तर सगळ्यांना लागू पडते का? चला, करून पाहू.

आम्ही बरोबर ६०० चिंचोके आणले आहेत. समजा, हा प्रत्येक चिंचोका म्हणजे तुमच्यातला एकेक जण. यातल्या २४० चिंचोक्यांना आम्ही चुन्याचा ठिपका लावला आहे. ही सकाळची शाळा हवी म्हणणारी मुले. बाकीचे ३६० साधे आहेत. ही दुपारची शाळा हवी म्हणणारी मुले. म्हणजे १०० मध्ये ६० दुपारच्या बाजूचे झाले. हे आम्हांला ठाऊक आहे, पण चिंचोके काढणाऱ्याला ठाऊक नाही असे धरू.

सगळे चिंचोके घागरीत घाला. चांगले ढवळा. आता डोळे मिटून ५० काढा. त्यांत साधे किती निघतील? १०० ला ६०, तर ५० ला ३०. पण दर वेळी नेमके ३० निघणार नाहीत. एकदा ३१ निघतील, एकदा २७, एकदा ३३. एक-दोन इकडेतिकडे व्हायचेच. मग याला काही धरबंध आहे की नाही? आहे. गणिताने तो काढता येतो. असे १०० वेळा केले, तर सुमारे ९५ वेळा साधे चिंचोके २४ ते ३६ च्या दरम्यान येतात. १० किंवा १२ असा आकडा जवळजवळ कधीच येत नाही.

असे का होते? एकच चिंचोका काढला तर तो फसवू शकतो. पण ५० काढताना नशीब कधी या बाजूला झुकते, कधी त्या बाजूला. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूची चूक खाऊन टाकते. सगळ्या चुका एकाच अंगाला पडाव्यात, असे फार क्वचित घडते.

आता याहून नवलाची गोष्ट ऐका. शाळा ६०० ची नसून ६,००० ची असती आणि मते याच प्रमाणात असती, तर? तरीही ५० काढल्यावर १०० पैकी सुमारे ९४ वेळा उत्तर त्याच २४ ते ३६ मध्ये पडले असते. शाळा दहापट झाली, पण आपला अंदाज जवळपास तसाच राहिला. लग्नाच्या कढईतली आमटी चाखायची असो की घरच्या पातेल्यातली, चमचा एकच पुरतो. मात्र कढई तळापासून ढवळलेली पाहिजे.

तर आता ढवळण्याकडे वळू. मुलांना कसे ढवळायचे?

समजा, एका गुरुजींना वाटले की चिठ्ठ्यांचा खटाटोप कशाला? शाळा सुटल्यावर मैदानावर जी मुले खेळतात, त्यांतल्या ५० जणांना विचारू. काय होईल? तुमच्यापैकी ४०० जण गावात राहतात आणि २०० जण वाड्यांवरून येतात. शाळा सुटली की वाडीची मुले अंधार पडायच्या आत घर गाठायला निघतात. मैदानावर उरतात ती गावातली मुले.

आता हा हिशोब नीट पाहा. सकाळची शाळा हवी असणारे २४० जण आहेत, असे आपण धरले. समजा, त्यांतले २२४ गावातले आणि फक्त १६ वाडीचे आहेत. गावातल्या ४०० पैकी २२४ म्हणजे निम्म्याहून जास्त झाले. तेव्हा मैदानावर ५० जणांना विचारले, तर सुमारे २८ जण सकाळची शाळा मागतील. गुरुजी म्हणतील, शाळेला सकाळ हवी! प्रत्यक्षात शाळेला दुपार हवी आहे.

बरे, ५० कमी पडले म्हणून गुरुजींनी मैदानावर ३०० जणांना विचारले, तर सुधारेल का? नाही. ३०० मध्ये सुमारे १६८ जण सकाळच म्हणतील. आकडा सहापट झाला, चूक तिथेच राहिली. उलट ३०० जणांना विचारले म्हणून गुरुजींची खात्री मात्र वाढली! जी मुले तिथे नाहीतच त्यांचे मत, असलेल्यांना कितीही विचारले तरी कळणार नाही.

म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. त्याची रीत अशी. सगळ्या वर्गांचे हजेरीपट एकत्र आणायचे. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत १ ते ६०० असे सलग नंबर घालायचे. एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या ६०० चिठ्ठ्या करायच्या. सगळ्या सारख्या घडीच्या. त्या मोठ्या डब्यात टाकून पुष्कळ वेळ वरखाली करायच्या. मग न बघता ५० काढायच्या. हुशार असो वा ढ, गावचा असो वा वाडीचा, प्रत्येकाची चिठ्ठी निघण्याची संधी अगदी सारखी. बारात एक.

वरखाली करण्यात आळस केला तर काय होते, याचा एक खरा दाखला आहे. अमेरिकेत १९६९ च्या डिसेंबर महिन्यात, व्हिएतनामची लढाई चालू असताना, कोणत्या तरुणांना सैन्यात आधी बोलवायचे हे चिठ्ठ्या काढून ठरवले. वर्षातल्या ३६६ जन्मतारखा ३६६ डब्यांत घातल्या. एकेका डबीत एक तारीख. पण डब्या एका पेटीत महिन्याच्या क्रमाने घातल्या, जानेवारी आधी, डिसेंबर शेवटी, आणि त्या पुरत्या ढवळल्या नाहीत. मग वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा भराभर आधी निघाल्या. डिसेंबरात जन्मलेल्या पुष्कळ पोरांना केवळ त्यामुळे लढाईचे बोलावणे लवकर आले. पुढच्या वर्षी सरकारला ही पद्धत सुधारावी लागली. तुमचेही तसेच होईल. सातवीच्या चिठ्ठ्या शेवटी टाकल्या आणि डबा हलवला नाही, तर सातवीचीच मुले निघतील.

चिठ्ठ्या ढवळल्या गेल्या की नाही, हे ओळखता येते. तुमच्यात वाडीची मुले तिसरा हिस्सा आहेत. तेव्हा ५० मध्ये ती १७ च्या आसपास असावीत. ११ ते २३ मधला कुठलाही आकडा आला तरी चालेल. पण चारच निघाली, तर कुठे तरी घोटाळा झाला आहे असे समजा आणि तपास करा.

आणखी एक खोडी होते. ज्याची चिठ्ठी निघाली तो मुलगा त्या दिवशी आलेला नसतो. मग बाई म्हणतात, त्याच्या शेजारच्याला विचारा. असे करू नका. गैरहजर कोण राहतो? ज्याची वाट लांबची, ज्याच्या घरी काम जास्त, तोच बहुधा. त्याच्या जागी दुसरा घेतला की वाडीचा आवाज पुन्हा हरवला. तो येईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी विचारा, तिसऱ्या दिवशी विचारा, पण त्यालाच विचारा.

आणि विचारायचे कसे? "सकाळची शाळा बरी, नाही का रे?" असे विचारले तर पोर मान हलवणारच. हात वर करायला सांगितले तर ते आधी मित्राकडे बघणार. म्हणून एकट्याला बोलवा आणि सरळ विचारा, "तुला शाळा सकाळी हवी की दुपारी?" दोन्ही शब्द सारख्याच आवाजात.

ही काही नुसती शाळेतली गंमत नाही. तुमचे वडील शेतकरी असतील, तर त्यांनी पीक कापणीचा प्रयोग पाहिला असेल. तालुक्यात ज्वारी किती झाली हे काढायला सगळ्यांची ज्वारी कुणी तोलत नाही. गावे चिठ्ठीसारख्या रीतीने निवडतात, गावातली शेते तशीच निवडतात आणि शेतातला एक मापाचा तुकडाही तसाच. तो कापून, मळून, तोलतात. आपल्या देशात ही रीत पक्की करण्यात पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा होता. ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जन्म १९११ चा. त्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसते. का? कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की मोजणाऱ्याचा हात ते आत ओढतो. लहान तुकड्याला कडच जास्त. असा कललेला हात कितीही वेळा मोजला तरी सरळ होत नाही. मैदानावरचे ३०० आठवतात ना? तशीच ही गोष्ट.

आता ५० जणांची मर्यादाही सांगतो, नाहीतर आम्ही अर्धेच सांगितले असे होईल.

पहिली मर्यादा. मते जवळजवळ सारखी वाटली गेली असतील, तर ५० जण निकाल देऊ शकत नाहीत. आमच्या चिंचोक्यांत दुपारचे ६० टक्के होते. तरीही १०० वेळा काढले तर आठ-नऊ वेळा साधे चिंचोके २५ किंवा त्याहून कमी निघतील, आणि आपण फसू. म्हणून २७ विरुद्ध २३ असे आले तर "दुपार जिंकली" म्हणून ओरडू नका. "मते जवळजवळ सारखी दिसतात" एवढेच म्हणा. फार तर आणखी चिठ्ठ्या काढा. पण मोठ्या शाळेत अंदाजातली चूक निम्मी करायची तर दुप्पट मुले पुरत नाहीत, चौपट लागतात, हे लक्षात असू द्या.

दुसरी मर्यादा. ५० जण सगळ्या शाळेविषयी बोलतात, लहान गटाविषयी नाही. ओढ्यापलीकडच्या वाडीवरून २४ मुली येतात. ५० मध्ये त्यांतल्या दोघी निघाव्यात अशी अपेक्षा. पण आठ वेळा चिठ्ठ्या काढल्या तर साधारण एकदा त्यांतली एकही निघणार नाही. अंधारात ओढा ओलांडण्याची भीती त्या दोघींवरून ठरवायची का? नाही. त्या २४ जणींना वेगळे बसवून सगळ्यांनाच विचारले पाहिजे. आणि पोरींच्या जिवाचा प्रश्न असेल, तर तिथे बहुमत विचारायचे नसते.

तर मुलांनो, उद्या ५० चिठ्ठ्या निघतील. तुमची निघाली नाही तर रुसू नका. तुमच्यासारख्याची निघेल. फक्त डबा नीट हलवतात की नाही, एवढे डोळ्यांत तेल घालून पाहा.

पुढे काय झाले

चिठ्ठ्या सगळ्या मुलांसमोर काढल्या. मावशींच्या पोरीची चिठ्ठी निघाली नाही. पण निघालेल्या ५० मध्ये १८ जण वाड्यांवरचे होते. म्हणजे डबा नीट हलला होता. तिघे गैरहजर होते. त्यांची वाट पाहिली. त्यातला शेवटचा चौथ्या दिवशी आला.

दुपारची शाळा हवी म्हणणारे ३४ निघाले, सकाळची हवी म्हणणारे १६. याचा अर्थ कसा लावायचा? ३४ मध्ये सहाएक कमीजास्त धरा. २८ ते ४० झाले. ६०० च्या शाळेला हे प्रमाण लावले तर दुपारच्या बाजूचे बहुधा ३३६ ते ४८० च्या दरम्यान आहेत. खालचा आकडा धरला तरी तो निम्म्याहून जास्त आहे. म्हणून इथे "दुपार" असे निःशंक म्हणता आले. ओढ्यापलीकडच्या २४ मुलींना वेगळे विचारले. पावसाळ्यात पहाटेच्या अंधारात ओढ्यातून यायला भीती वाटते, असे बहुतेकींनी सांगितले. शाळा दुपारचीच राहिली.

मावशी वर्गात म्हणाल्या, "माझ्या पोरीला नाही विचारले, पण तिचे म्हणणे कुणीतरी सांगितले खरे."

शब्दांचे अर्थ

हजेरीपट : वर्गातील मुलांची नावे व हजेरी लिहिण्याचे पुस्तक
धरबंध : मर्यादा, आवर
ताट : ज्वारी-बाजरीचे उभे रोप
कल : एका बाजूला झुकणे
निःशंक : शंका न ठेवता

विचार करा आणि उत्तरे लिहा

१. मैदानावर ३०० मुलांना विचारूनही उत्तर चुकीचे का आले?

२. गैरहजर मुलाच्या जागी त्याच्या शेजारच्याला का विचारू नये?

३. ५० पैकी २६ जण एका बाजूला आणि २४ दुसऱ्या बाजूला आले, तर तुम्ही काय म्हणाल?

४. तुमच्या गावात ३०० घरे आहेत. नळाला पाणी पुरते का, हे ५० घरांना विचारायचे आहे. नळकोंडाळ्यावर जमलेल्या बायकांनाच विचारले तर कोणती घरे सुटतील? चिठ्ठ्या कशा कराल ते लिहा.

५. घरी ६० चिंचोके घ्या. ३६ साधे ठेवा, २४ ना चुना लावा. डोळे मिटून १० काढा, साधे किती ते लिहा, आणि काढलेले परत टाकून ढवळा. असे २० वेळा करा. आकडे किती इकडेतिकडे होतात ते वर्गात सांगा. ५० च्या जागी १० च काढल्याने काय फरक पडला, तेही सांगा.